पाकीट काउंटरवरच राहिलं

कोल्हापूर, सोमवार रात्री

प्रिय अमोल,

पुण्याला पोचल्याचा फोन केला नाहीस, म्हणून पत्र लिहायला बसले. रविवारी जे झालं त्यात माझा आवाज जास्त चढला, हे मला कळतंय. सुमीसमोर तसं बोलायला नको होतं. पण तू चिडून निघालास आणि कारखान्याकडून करून घेऊन तू स्वतःच्या नावानं विकणार आहेस त्या चटणीच्या नमुन्याचं पाकीट काउंटरवरच राहिलं. काल दुकान बंद केल्यावर मी ते फोडलं. रंग चांगला आहे, ब्याडगी भरपूर असणार. तिखटपणा मात्र मागाहून येत नाही, आणि कांद्याला थोडा ओलसर वास आहे. बोटांत धरून दाबली तर चटणी गोळा होते. तुझ्या लेबलवर मसाला लिहिलंय, पण मी आपली चटणीच म्हणणार.

माल अंगावर पडेल, हे आता परत सांगणार नाही असं ठरवलंय. फक्त हिशेब लिहिते. तुझा कागद समोर ठेवूनच केलाय.

कारखाना म्हणतो, कमीत कमी 500 किलो. म्हणजे 200 ग्रॅमची 2500 पाकिटं. चटणी, पाकीट, खोका, भाडं धरून एक पाकीट 72 रुपयांना पडतं, एकूण 1 लाख 80 हजार. छापील किंमत तू 140 ठेवलीस. नवीन नाव म्हटल्यावर दुकानदार 20 टक्के मागणारच, मी पण मागते. राहिले 112, त्यातून 5 टक्के जीएसटी काढला की तुझ्या हातात 106. पाकिटामागे 34 रुपये. ते बघून तुझे डोळे चमकले, हे मी पाहिलंय.

आता हे बघ. 106 नं 1 लाख 80 हजार भरून यायला 1700 पाकिटं विकावी लागतात. तिथपर्यंत नुसतं मुद्दल निघतं. तुझा सगळा नफा शेवटच्या 800 पाकिटांत आहे, आणि पडून राहतात ती नेमकी शेवटचीच. पाकिटावर 9 महिन्यांची मुदत आहे, पण शेवटचे तीन महिने राहिले की दुकानदार माल घेत नाही, घेतलेला परत करतो. म्हणजे सहा महिन्यांत 2500, रोजची 14. आपल्या लक्ष्मीपुरीच्या दुकानात सगळ्या कंपन्यांची मिळून रोज सहा जातात. तशी किती दुकानं तुझ्या हातात आहेत, ते मोजून सांग.

कंपनीचं पाकीट मला 98 ला पडतं, 107 ला जातं. नऊ रुपये. तू हसलास त्यावर. पण तो माल 15 दिवसांत फिरतो, वर्षाला 24 फेऱ्या होतात, म्हणजे तेच 98 रुपये वर्षात 216 कमावतात. तुझे 72 रुपये दुकानदाराच्या उधारीत आणि गोदामात अडकून वर्षात दोनदा फिरले तर 68 कमावतील. आणि कंपनीचं पाकीट फुटलं, मुदत संपली, तर क्लेम टाकते. पैसे उशिरा येतात, कापून येतात, पण येतात. तुझं पाकीट परत आलं तर घेणार कोण? बघ, परत तेच लिहिलं.

ह्यांच्या चहाचं तुला आठवत नसेल, तू चौथीत होतास. आक्कांच्या नावाचा चहा काढला होता. पहिली 100 किलो हातोहात गेली. दुसऱ्या खेपेला पॅकिंगवाल्यानं पावडर बदलली, आम्हाला सांगितलंही नाही. गिऱ्हाईक पाकीट आणून काउंटरवर ठेवायचं आणि म्हणायचं, ‘आक्का बदलल्या.’ आम्ही पॅकिंगवाल्याला जाब विचारला, तर तो म्हणाला, मिश्रण माझं, तुमचं फक्त नाव. खरं होतं ते. तोच चहा तो शेजारच्या दुकानालाही दुसऱ्या पाकिटात देत होता. उरलेली पोती माळ्यावर राहिली, ह्यांनी वर्षभर घरात तोच चहा प्यायला. साखर जास्त घालून.

म्हणून मला त्या कारखान्याच्या तयार चटणीची भीती वाटते. तिथं तुझं काय आहे? उद्या तीच चटणी दुसऱ्या नावानं तीस रुपये कमी किमतीत आली तर तू काय दाखवणार? करायचंच असेल तर आपलं प्रमाण दे, फक्त कुटायचं आणि भरायचं काम त्याला दे, आणि ते प्रमाण दुसऱ्या कुणाला वापरणार नाही असं लिहून घे. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. कांदा इतका तळायचा की हातात चुरला पाहिजे, कारण बुरशी आणि गाठी तिथूनच सुरू होतात. खोबरं जुनं असेल तर दोन महिन्यांत खवट वास येतो. दर खेपेची दोन पाकिटं तारीख घालून बाजूला ठेव आणि महिन्याला एकदा हुंगून बघ. लेबलवर कारखान्याच्या नंबराबरोबर तुझाही खाद्य परवाना नंबर असतो, तक्रार आली तर पहिला फोन तुलाच.

नावाचंही बघ. ‘कोल्हापुरी’ हा शब्द एकट्याच्या मालकीचा होत नाही, तो गावाचा आहे, असं आपल्या वकिलांनी सांगितलं. पुढं जोडायचा शब्द वेगळा हवा. ट्रेडमार्कच्या तिसाव्या वर्गात तो आधी कुणी घेतलाय का ते शोध. लहान धंद्याला ऑनलाइन अर्जाचे 4500 रुपये लागतात. छापील पाकिटं काढण्याआधी हे कर.

फार शिकवायला लागले ना? माफ कर. दिवसभर दुकानात बसून तोंडाला सवय लागते.

तुझं एक बोलणं मात्र मनात राहिलंय. ‘आई, चौदा वर्षं तू कंपनीचा माल गल्लीगल्लीत नेलास, आणि त्यांनी एका पत्रावर दुसरा एजंट नेमला.’ खरं आहे. गांधीनगरपर्यंतची दुकानं ह्यांनी स्कूटरवर उभी केली होती. नाव कंपनीचं वाढलं, आपल्याला राहिली ती बिलाची पुस्तकं. तुला स्वतःचं नाव हवंय, ते मला कळतं. त्या रात्री मी तुझ्यावर चिडले, पण झोपताना बरं वाटलं की हे पोराला बोचतंय.

तर असं कर. छापील पाकिटाला रंगागणिक छपाईचा सिलिंडर करावा लागतो, म्हणून छापणारे पाकिटांची ऑर्डर हजारांतच मागतात. तू साधी पाकिटं घे, वर स्टिकर लाव, मजकूर सगळा पूर्ण ठेव. 40 किलो आपल्या प्रमाणानं कुटून घे. 200 पाकिटं होतील, महाग पडतील, पडू देत, पैसे मी देते. शंभर घरांत एकेक विक, फुकट वाटू नकोस, आणि वहीत नावं लिही. चार माणसांच्या घरात 200 ग्रॅम महिनाभर जातं. दीड महिन्यात किती घरांनी दुसरं पाकीट मागितलं ते बघ. पहिलं पाकीट ओळखीवर जातं. निम्म्यांनी मागितलं तर 500 किलोचं बोलू. पंधरा-वीस घरांवर थांबलं तर माल अंगावर पडण्याआधी समजलं म्हणायचं. तोवर दुकानातल्या कंपनीच्या मालाला नावं ठेवू नकोस, तुझी 40 किलो त्याच नऊ-नऊ रुपयांतून निघणार आहेत.

मिरची येत्या आठवड्यात बघायला जाते. संकेश्वरी चांगली दिसली तर दोन पोती धरून ठेवू का, एवढं कळव. आणि सुमीला फोन कर, ती रडत होती.

लाडवांचा स्टीलचा डबा येताना परत आण.

तुझी,
आई