वहीत न लिहिलेली ज्वारी

ती. स्व. अण्णांना साष्टांग नमस्कार,

तुमच्या धाकट्याला परवा फोन केला होता. अण्णांना हल्ली ऐकू कमी येतं, पण कागद वाचून दाखवला की सगळं कळतं, असं तो म्हणाला. म्हणून लिहिते. त्याच्या हातून हे पत्र चारचौघांनी वाचलं तरी हरकत नाही.

12 जुलै 2004, सोमवार. आंबा घाट उतरताना गाडीच्या काचेबाहेर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. लातूर जिल्ह्यात पाऊस म्हणजे आभाळाकडे बघून वाट पाहायची गोष्ट, आणि इथे तो अंगावर चालून येत होता. वाडीच्या फाट्यावर उतरले तेव्हा पत्र्याची पेटी, वळकटी आणि जिल्हा परिषदेचा शिक्षणसेवक पदाचा आदेश एवढं जवळ होतं. आदेश प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत. पहिला आडोसा मिळाला तो तुमच्या दुकानाच्या पडवीत. “नव्या बाई काय?” एवढंच विचारलंत आणि चहा टाकायला सांगितलात.

शिक्षणसेवक म्हणजे काय, हे तेव्हा आमच्या घरीही नीट कळलं नव्हतं. आबा गावात सांगत सुटले होते की पोरीला सरकारी पगार लागला. तो पगार नव्हताच. 2000 साली आलेल्या त्या योजनेत पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन असायचं. प्राथमिक शाळेला महिना 3000 रुपये. महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही, वेतनवाढ नाही. वर्ग मात्र पूर्ण, आणि दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता म्हणजे मला दोन आल्या.

ते 3000 तरी वेळेवर यावेत! मानधन यायला आधी रुजू अहवाल थोरल्या गुरुजींकडून केंद्रप्रमुखांकडे, तिथून तालुक्याला जायचा. सोबत जिल्हा रुग्णालयाचा दाखला आणि प्रमाणपत्रांची पडताळणी. मग कुठे देयकात नाव चढणार. माझं नाव अडकलं ते एका अक्षरावर. डी.एड.च्या गुणपत्रिकेत आडनावात ‘ळ’ होता आणि आदेशात ‘ल’. चूक म्हटली तर माझीच. अर्ज भरताना मीच घाईत तसं लिहिलं होतं. प्रतिज्ञापत्र करायला रत्नागिरीला दोन खेपा झाल्या. त्या खेपांचे 600 रुपये तुम्ही गल्ल्यातून काढून दिलेत. सही नाही, साक्षीदार नाही.

साक्षीदार तर उलट तुम्हीच माझे झालात. जिल्हा मध्यवर्ती बँकेत खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागायची. फॉर्मवर खाली एक रकाना होता, अर्जदारास मी इतक्या वर्षांपासून ओळखतो असा. त्या बाकावर बसून तुम्ही बराच वेळ पेन धरून राहिलात. ओळख होऊन नऊ दिवस झाले होते. शेवटी वर्षांच्या जागी आडवी रेघ मारलीत आणि सही केलीत. साहेबाने रेघेकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं, शिक्का मारला.

हे पत्र लिहिण्याचं खरं कारण मात्र ज्वारीचं आहे. वाडीत सगळीकडे भात, नाहीतर तांदळाची, नाचणीची भाकरी. मी हूं की चूं न करता खात होते, पण ऑगस्टमध्ये एकदा तुमच्या दुकानात उभी राहून सहज बोलून गेले की ज्वारीची भाकरी खाऊन महिना झाला. आठवड्याने पडवीत पाच किलोची पिशवी. कोल्हापूरहून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुम्ही सांगून ठेवलं होतंत. गिरणीवाला कुरकुरला. एवढ्याशा ज्वारीसाठी जातं कोण झाडणार? नाचणीवरच दळून दिली. पीठ करडं-तांबूस झालं, भाकरी थापताना कडेला चिरत होती. तरी मी त्या रात्री तीन खाल्ल्या, नुसत्या तिखट-मिठाबरोबर. नंतर दर पंधरवड्याला पिशवी येत राहिली.

ऑक्टोबरच्या शेवटी तीन महिन्यांचं एकदम जमा झालं. जुलैचे वीस दिवस धरून 1935, ऑगस्टचे 3000, सप्टेंबरचे 3000. एकूण 7935. पासबुकात तो आकडा छापलेला नव्हता, कारकुनाने निळ्या शाईने लिहिला होता. मी बँकेच्या पायरीवर बसून तो तीनदा वाचला. पाचशेच्या वर खात्यात ठेवून 7400 काढले, पदराच्या आत रुमालात बांधले आणि एसटीत पूर्ण वेळ हात तिथेच.

सगळ्यात आधी तुमच्याकडे आले. वहीत माझ्या नावाचं पान नव्हतं. पान होतं ‘शाळा’ या नावाने. चहापत्ती, साखर, तूरडाळ, साबण, मेणबत्त्या, रॉकेल, पोरांना पंधरा ऑगस्टला वाटलेली चॉकलेटं. बेरीज 2318. मी शिक्षिका, हिशोब तपासल्याशिवाय कशी सोडणार? ओळ न् ओळ बघितली. ज्वारी कुठेच नव्हती. पाच खेपांची पंचवीस किलो ज्वारी, एक दाणासुद्धा लिहिलेला नाही.

विचारलं तर तुम्ही चष्मा वर केलात. “दुकानात जोंधळे ठेवतो काय मी? मग वहीत कुठनं येणार?”

मी वाद घातला. तुम्ही 2318 आणि उसने 600 मोजून घेतलेत, पानावर तिरपी रेघ ओढलीत आणि पुढच्या गिऱ्हाईकाला खोबरेल काढून द्यायला वळलात.

खोलीचं तीन महिन्यांचं भाडं 600 गेलं. घरी 3000ची मनिऑर्डर केली. शंभराला पाच रुपये दराने तिचे 150 वेगळे, ते मला फार वाटले होते. फॉर्मच्या तळाला निरोपाची छोटी जागा असायची, तिथे काय लिहावं ते सुचेना. “पहिला पगार. तब्येत बरी आहे” एवढंच लिहिलं. पगार हाच शब्द लिहिला, आबांचं गावातलं बोलणं खोटं पडायला नको म्हणून. त्यांनी त्या पैशाचं काय केलं ते दिवाळीत घरी गेल्यावर समजलं. आमच्या गावच्या दुकानदाराची दोन वर्षांची उधारी मिटवली. माझ्या डी.एड.च्या काळात घरात जे जे खाल्लं गेलं, ते सगळं तिकडच्या वहीत होतं.

माझ्या हाती उरले 732. त्यातून आईला एक सुती लुगडं आणि मला एक लोखंडी तवा घेतला. तवा अजून वापरात आहे.

आता हे सगळं का आठवलं ते सांगते. आंतरजिल्हा बदलीने मी इकडे आले त्याला बरीच वर्षं झाली. यंदा आमच्या शाळेत एक शिक्षणसेविका आलीये, कोकणातली. 2023पासून मानधन 16000 झालंय, पण पहिलं मानधन अडकायचं ते अडकलंच. डबा उघडून ती रोज आमच्या ज्वारीच्या भाकरीकडे अशी बघते की मला हसू येतं. गेल्या बाजारी तिच्यासाठी उकडा तांदूळ शोधत फिरले. मिळाला नाही. शेवटी तुमच्या धाकट्याला फोन केला, पार्सलने पाठवशील का म्हणून. त्याने पाठवला आणि पैसे किती विचारलं तर म्हणतो, अण्णांना विचारून सांगतो.

तेव्हा आता ऐका. आमच्या शेतातल्या शाळूची पंचवीस किलोची गोणी याच पत्राबरोबर पाठवली आहे. हिशोब मी काही विचारणार नाही, तुम्हीही विचारू नका. फक्त दळायला टाकताना आधी कुणाची नाचणी दळलेली नाही ना, तेवढं बघायला सांगा.

तुमची,
शाळेतल्या बाई