धाराविद्युतच्या तासाला काय वापरू?

लालबाग, मुंबई
१२ जुलै

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

नववीच्या ‘धाराविद्युत’साठी कुठलं ॲप घेऊ, असं तू विचारलंस. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण नुसतं नाव कळवून तुझं काम भागणार नाही.

गेल्या वर्षी मी या तासाला एक सुंदर ॲनिमेशन दाखवलं होतं. मुलं अगदी गुंगून गेली. मग चाचणीत विचारलं, ‘दिव्यातून बाहेर पडताना विद्युतधारा किती?’ अर्ध्याहून जास्त मुलांनी लिहिलं, ‘कमी होते.’ दिवा धारा खातो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. माझ्या ॲनिमेशनने त्या समजुतीला धक्काही लावला नव्हता. म्हणून या वेळी मुलं नेमकी कुठे अडखळतात ते आधी ठरवलं आणि साधन त्यानंतर शोधलं.

मला तीन गोष्टी हव्या होत्या. मुलांनी आधी अंदाज बांधावा, जोडणी मुलांच्या सांगण्यावरून बदलता यावी आणि दिव्याच्या अलीकडची नि पलीकडची धारा एकाच वेळी दिसावी. व्हिडिओत जोडणी बदलता येत नाही. प्रश्नमंजुषेच्या ॲपमध्ये उत्तर चुकलं एवढंच कळतं. शेवटी कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातलं `Circuit Construction Kit: DC` घेतलं. ते आधीच लॅपटॉपवर उतरवून ठेव, म्हणजे नेट गेलं तरी ब्राउझरमध्ये चालतं. आमच्याकडे वर्गाला एकच प्रोजेक्टर आहे, तेवढ्यावर भागलं.

एक बॅटरी आणि दोन दिवे एकसर जोडले, पण तारा अर्धवट ठेवल्या. `Show Current` वरची खूण काढून टाकली. हे विसरू नकोस! इलेक्ट्रॉनचे गोळे आधीच फिरताना दिसले, तर अंदाज कोण बांधणार? मग विचारलं, कुठला दिवा जास्त उजळेल? ४२ पैकी २३ जण म्हणाले पहिला, ८ जण दुसरा, ११ जण सारखे. आकडे फळ्यावर लिहिले आणि मगच शेवटची तार जोडली. दोन्ही सारखेच उजळले. लगेच मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “बाई, बॅटरी उलटी करा ना, मग दुसरा पहिला होईल.” उलटी केली, काहीच बदललं नाही. मग ॲमीटर लावला. दिव्यांच्या आधी, मधे आणि नंतर, तिन्ही ठिकाणी ०.४५ अँपिअर. बॅटरी ९ व्होल्टची आणि प्रत्येक दिवा १० ओहमचा, त्यामुळे ओहमच्या नियमाने मुलांनी हा आकडा वहीतही काढला. गोळे दाखवले ते यानंतर.

इथे एक अडचण येते. गोळे पुस्तकातल्या बाणाच्या उलट दिशेने जातात. त्याच मेनूत पारंपरिक दिशेचे बाण दाखवायची सोय आहे, पण ‘खाल्ली की नाही’ या प्रश्नाला मोजता येणारे गोळेच बरे. दिशेचा खुलासा मात्र आधीच करून टाक.

खरे दिवे मी मुद्दाम दुसऱ्या तासाला ठेवले. लोहार चाळीतून आणलेले टॉर्चचे दोन दिवे दिसायला एकसारखे, पण एक जरा जास्त उजळायचा. हेच पहिल्या तासाला झालं असतं, तर ‘पहिला जास्त घेतो’ हे मुलांना पटूनच गेलं असतं. आता मात्र त्यांनी स्वतःच दिव्यांच्या जागा बदलल्या. उजेड दिव्याबरोबर गेला, म्हणजे फरक जागेचा नव्हता, दिव्याचा होता. पडद्यावर दोन दिवे जोडल्यावर धारा बरोबर निम्मी होते. खऱ्या दिव्यांत ती निम्म्याहून थोडी जास्त राहते, कारण मंद जळणारी तार कमी तापते आणि तिचा रोधही कमी असतो. हे पडद्यावर बघून मुलांना कळलं नसतं.

मग तो प्रश्न आलाच, “धारा खात नाही, तर दिवा खातो काय?” सुनंदा, त्या क्षणी मला फार आनंद झाला. व्होल्टमीटरने प्रत्येक दिव्यावर ४.५ व्होल्ट दाखवले, पण गोळ्यांकडे पाहून ऊर्जा कुठे जाते ते दिसत नाही. म्हणून प्रोजेक्टर बंद केला. दहा मुलांना गोल उभं केलं, सगळ्यांच्या सैल मुठीतून एक दोरी फिरवली. मी बॅटरी होऊन ओढत राहिले. एका मुलीने मूठ जरा आवळली. दोरी सगळीकडे हळू झाली, पण सगळीकडे सारख्याच वेगाने जात राहिली. तळहात गरम झाला तो फक्त तिचा.

मिश्रा आणि कोहलर यांनी २००६ साली जी मांडणी केली आणि जिला पुढे ‘टीपॅक’ म्हणू लागले, तिच्यात विषय, शिकवण्याची रीत आणि तंत्रज्ञान यांचा एकत्र विचार आहे. बी.एड.वाल्या मुलींना या तिन्हींची तीन वर्तुळं काढताना पाहिलं होतं. ती मांडणी मला त्या दोरीपाशी कळली.

समांतर जोडणी मी अजून घेतलेली नाही. तिथे मुलं ‘बॅटरी नेहमी तेवढीच धारा देते’ असं धरून चालतात, आणि त्यासाठी दोरी चालणार नाही असं वाटतं. तुझा तास आधी आहे. दुसरा दिवा समांतर जोडण्याआधी तुझ्या मुलांचे अंदाज घे आणि आकडे मला कळव.

तुझी,
वैशाली