वळचणीतल्या त्या षटकोनांसाठी, ताई, तुमचे आभार

प्रिय ताई,

मी तीन फोटो पाठवले आणि सोबत लिहिलं, "मधमाश्यांचं पोळं आहे, मधपाळाला बोलावते आहे, फक्त खात्री करून द्या." तुम्ही लगेच हो किंवा नाही म्हटलं नाहीत. "वळचणीतल्या पोळ्याचा फोटो बाजूने काढा. लांब उभ्या राहा, झूम करा, आणि ते छताला कुठे चिकटलंय ते दिसू द्या," एवढंच सांगितलंत. तो फोटो मागितल्याबद्दल हे पत्र.

माझ्या पहिल्या फोटोत पोळं खालून दिसत होतं. राखाडी रंगाची सहाकोनी घरं, आणि मधल्या काही घरांवर पांढरी झाकणं. सहाकोनी घरं म्हणजे मधमाशी आणि पांढरी झाकणं म्हणजे मध, असा माझा हिशेब होता. दोन्ही चुकीचं होतं. गांधीलमाशीही सहाकोनीच घरं बांधते, त्यामुळे नुसत्या आकारावरून काहीच ठरत नाही, हे मला तुमच्याकडून कळलं.

बाजूच्या फोटोत मात्र सगळं स्पष्ट झालं. पोळं एका बारीक काळसर देठाला उलट्या छत्रीसारखं लटकलं होतं. घरांची तोंडं खाली होती, आणि वरची बाजू सपाट, कागदासारखी, तिच्यावर एकही घर नाही. मधमाशीचं पोळं असं नसतं, हे तुम्ही किती शांतपणे समजावलंत! ते मेणाचं असतं, वरच्या कडेने लांबवर चिकटलेलं असतं आणि पडद्यासारखं उभं लोंबतं. मधल्या एका भिंतीच्या दोन्ही बाजूंना घरं असतात आणि त्यांची तोंडं आडवी असतात. शिवाय उघड्यावरचं जिवंत मोहोळ असेल तर माश्यांच्या थरामुळे घरं बहुतेक दिसतच नाहीत. माझ्या फोटोत जवळजवळ प्रत्येक घर मोजता येत होतं. ही खूण मला कधीच सुचली नसती.

आणि ती पांढरी झाकणं? ती गांधीलमाशीच्या अळीने कोषात जाताना स्वतः विणलेली, रेशमी आणि वर फुगीर. मधमाशीच्या पिल्लांच्या घरांवरचं झाकण मेणाचं, तपकिरी असतं आणि कामकरी माश्यांच्या घरांवर जवळजवळ सपाट. मी मध समजत होते तिथे कोष होते. मधपाळ आला असता तर त्याच्या पेटीत ठेवण्याजोगं काहीच नव्हतं, आणि हात लावला असता तर डंख मात्र मिळाले असते.

दुसरा फोटो भिंतीवरच्या चिखलाच्या गोळ्याचा होता. तुम्ही पाहताक्षणी म्हणालात, "कुंभारीण माशी." ते पोळं नव्हतंच, शेजारी शेजारी लावलेल्या नळकांड्यांवर दिलेला मातीचा लेप होता. आत प्रत्येक कप्प्यात निपचित पाडलेले कोळी आणि एक अंडं, पुढे अळीचा शिधा. माशी एकटीच राबते आणि कप्पे बंद केल्यावर राखण करत बसत नाही. गोल भोकांबद्दल मी घाबरून विचारलं होतं. पिल्लू मोठं होऊन बाहेर पडलं की असं भोक राहतं, म्हणजे भोक हे रिकाम्या कप्प्याचं लक्षण. माझ्या गोळ्यावर दोन भोकं होती, बाकीचे कप्पे बंद. तो तसाच राहू द्यायचा की नाही हे तुम्ही माझ्यावर सोडलंत. मी राहू दिला.

तिसऱ्या फोटोचं उत्तर मला सर्वांत आवडलं, कारण तिथे तुम्ही थांबलात. कोपऱ्यातला काळपट, मोडका तुकडा, समोरून काढलेला. "रंगावर जाऊ नका. जुन्या मेणाच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पिल्लं वाढली की ते काळं पडतं आणि कागदासारखं दिसतं. तुटलेली कड दाखवा," असं तुम्ही लिहिलंत. काल कडेचा फोटो काढला. मधे एक भिंत आणि दोन्हीकडे घरं आहेत. जुनं मेणाचं पोळं, माश्या निघून गेलेलं. बरोबर ओळखलं ना?

वळचणीतलं पोळं दाराच्या वर असल्याने ते माहीतगार माणसाकडून काढून घेतलं. मधपाळाला मात्र बोलावलं नाही. भिंतीवरच्या गोळ्याला आज सकाळी तिसरं भोक दिसलं. फोटो सोबत जोडते आहे, यावेळी बाजूनेही काढला आहे.

तुमची,
वळचणवाली