सामुदायिक रेडिओच्या अंदाजपत्रकातील शून्य

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू करण्यास किती खर्च येतो, याविषयीचा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. यंत्रसामग्री, परवाना शुल्क, कार्यक्रम विभागाचे पगार अशी खर्चाची विभागणी त्यात नीट केली होती आणि त्याखाली ‘निवेदक स्वयंसेवक असल्याने या बाबीवर खर्च नाही’ असे वाक्य होते. अशा एका केंद्राचा कोषाध्यक्ष म्हणून मी सात वर्षे हिशेब पाहिला आहे. पहिल्या वर्षी मीही त्या रकान्यात शून्यच लिहिले होते आणि ते आम्हाला फार महागात पडले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्याकडे तेव्हा २४ स्वयंसेवक निवेदक होते आणि प्रत्येक जण आठवड्याला अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम करत असे. म्हणजे आठवड्याला १२ तासांचा नवा मजकूर आम्हाला विनामूल्य मिळत होता, निदान कागदावर तसे दिसत होते. पगारी माणसे दोन होती, एक कार्यक्रम समन्वयक आणि एक ध्वनितंत्रज्ञ, आणि दोघांचे मिळून आठवड्याचे ८० तास होते. पाचव्या महिन्यापासून जुन्या कार्यक्रमांचे पुनःप्रक्षेपण वाढू लागले आणि समन्वयक रात्री उशिरापर्यंत थांबू लागल्या. आठव्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. स्वयंसेवक तर सगळे नियमित येत होते, मग अडते कुठे आहे, हे कार्यकारिणीत कोणालाच सांगता येईना.

शेवटी मी एक आठवडा वही घेऊन ध्वनिमुद्रण कक्षाबाहेर बसलो. एक निवृत्त शिक्षक आरोग्यविषयक कार्यक्रम करत असत. त्यांचे बोलणे अतिशय गोड, पण ते मायक्रोफोनच्या इतके जवळ जात की प्रत्येक ‘प’ आणि ‘फ’ला स्पीकरमधून फटका बसल्यासारखा आवाज येई. त्यामुळे पहिली दहा मिनिटे पुन्हा घ्यावी लागली. त्याआधी तंत्रज्ञाचा अर्धा तास संहिता वाचून त्यातील औषधांचे उल्लेख तपासण्यात गेला होता. ध्वनिमुद्रणाला एक तास लागला आणि अडखळणे, खोकला, कागदाची सळसळ काढून टाकून सर्व भाग एका पातळीवर आणण्यात आणखी एक तास गेला. अर्ध्या तासाच्या त्या एका कार्यक्रमामागे पगारी माणसाचे अडीच तास खर्ची पडले होते आणि आठवडाभरातील इतर नोंदींची सरासरीही जवळपास तेवढीच भरली. २४ कार्यक्रमांचे ६० तास झाले. उरलेल्या २० तासांत स्वतःचे कार्यक्रम, बाहेर जाऊन घ्यायच्या मुलाखती, वाजवलेल्या गाण्यांच्या नोंदी, प्रक्षेपणाच्या ध्वनिमुद्रित प्रती सांभाळणे आणि सगळा पत्रव्यवहार दोघांनी कसा उरकावा?

यावर पगारी माणूस वाढवणे किंवा नवे कार्यक्रम कमी करणे असे दोन सरळ मार्ग होते. पहिल्यासाठी पैसे नव्हते आणि दुसरा कोणालाच रुचत नव्हता. म्हणून आम्ही निवेदकांनाच संकलन शिकवायचे ठरवले. एका गटात चौघे आणि प्रत्येक गटाला २० तास, असे ते प्रशिक्षण होते. सगळ्यांना ते जमले नाही, आणि जमेल असे गृहीत धरून अंदाजपत्रक मांडणेही चूक ठरले असते. निम्म्यांना जमले. त्या १२ जणांचे कार्यक्रम आता फक्त एकदा ऐकून किरकोळ दुरुस्ती करावी लागते, त्यास एक तास पुरतो. त्यामुळे ६० तासांचे ४२ तास झाले आणि दर आठवड्याला १८ तास मोकळे झाले. मात्र स्वयंसेवक कायम राहत नाहीत. नोकरी बदलते, घरातली जबाबदारी वाढते, परीक्षा येतात. आमच्याकडे वर्षाला साधारण निम्मी माणसे बदलतात, म्हणजे नव्यांचे तीन गट आणि प्रशिक्षणाचे ६० तास दरवर्षी धरावेच लागतात. हे तास पगारी माणसाचेच असल्यामुळे आमच्या अंदाजपत्रकात त्यांची रक्कम आता ‘स्वयंसेवक निवेदक’ या शीर्षाखालीच लिहिली जाते. त्याच शीर्षाखाली प्रवासखर्चही येतो. तो मागायला माणसे संकोचतात आणि न मागता हळूहळू यायची थांबतात. प्रवासखर्च दर महिन्याला आपणहून द्यायला लागल्यावर दूरच्या वस्त्यांतले निवेदक टिकले, हे मी हजेरीच्या नोंदींवरून खात्रीने सांगू शकतो.

यंत्रसामग्रीच्या बाबतीत नेमके उलटे घडते. तिच्यासाठी देणगीदार मिळतात, कारण ती दिसते आणि तिच्यावर नाव लावता येते. पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीला मात्र कोणी पैसे देत नाही. आमचा ट्रान्समीटर उत्तम होता, पण दुसऱ्या पावसाळ्यात प्रक्षेपण दूरच्या भागात ऐकू येईनासे झाले. अँटेनाजवळच्या केबलच्या जोडात पाणी शिरले होते. अशा वेळी वर पाठवलेल्या शक्तीचा काही भाग परत फिरतो आणि स्वतःच्या बचावासाठी ट्रान्समीटर आपली शक्ती कमी करतो. परावर्तित शक्तीचा आकडा त्याच्या पडद्यावर कित्येक दिवस वाढत होता, पण तो रोज लिहून ठेवण्याचे काम कोणाकडेच नव्हते. जोड बदलण्याचा खर्च किरकोळ, मनोऱ्यावर चढणाऱ्या प्रशिक्षित माणसाचा खर्च त्याच्या कित्येक पट होता, आणि अंदाजपत्रकात दोन्हींची तरतूद नव्हती. तेव्हापासून आम्ही प्रत्येक यंत्राची किंमत भागिले त्याची अपेक्षित वर्षे, एवढी रक्कम दरवर्षी वेगळ्या खात्यात टाकतो. अनेक हातांत जाणारे हेडफोन आणि मायक्रोफोनच्या केबली यांची वर्षे फार कमी धरतो. परावर्तित शक्तीची नोंद आता सकाळी केंद्र उघडणाराच वहीत करतो.

परवाना शुल्काविषयी एकच सांगतो. ते ठरलेल्या तारखेला भरावेच लागते आणि त्या वर्षी देणग्या कमी आल्या म्हणून ते कमी होत नाही. म्हणून वर्षाच्या आरंभी हाती येणाऱ्या पहिल्या रकमेतून ते बाजूला काढावे. तसेच परवाना म्हणजे लहरींच्या वापराची परवानगी. गाणी वाजवण्याचे हक्क त्यात येतात असे अनेक नव्या केंद्रांना वाटते, पण त्यांचे स्वामित्वशुल्क सहसा वेगळे असते. त्यासाठी गाण्यांची यादी कोणीतरी ठेवावी लागते आणि ते तासही पगारी माणसाच्याच वाट्याला येतात.

आमचे आताचे अंदाजपत्रक म्हणूनच रकमेपासून सुरू होत नाही. पहिल्या पानावर पगारी माणसांचे तास लिहिले जातात, त्यांतून निवेदकांमागे लागणारे, प्रशिक्षणाचे आणि नोंदींचे तास वजा होतात, आणि उरलेल्या तासांत जेवढे नवे कार्यक्रम बसतील तेवढेच प्रक्षेपणाच्या वेळापत्रकात घातले जातात. त्यामुळे यंदा आम्ही नव्या कार्यक्रमांचे आठवड्याचे तीन तास कमी केले. काही श्रोते त्यावर नाराज आहेत आणि त्यांची नाराजी मला समजते. पण आमच्या दुसऱ्या समन्वयक आता चौथ्या वर्षात आहेत आणि संध्याकाळी सहा वाजता घरी जातात.

आपला नम्र,
सामुदायिक रेडिओ केंद्राचा एक कोषाध्यक्ष