पल्लवीले पत्र : तीस सेकंदांत काय सांगशीन

चि. पल्लवी,
अनेक आशीर्वाद.

तू काल रात्री पाठवलेली मुलाखतीच्या इंट्रोडक्शनची व्हॉईस क्लिप तीनदा ऐकली, एकदा दुकानात, एकदा घरी, एकदा तुया आईसोबत. आई म्हणते मस्त झाली, पण तिचं काही धरू नको, तू खोकलली तरी तिले मस्तच वाटते. मी मोबाईलचं घड्याळ लावून ऐकलं. एकूण 52 सेकंद झाले. पहिले 22 सेकंद तू कुठची, बाबा काय करतात, आई काय करते, भाऊ कितवीत हाय यातच गेले. मंग दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, बीबीएचे टक्के, ते 37 व्या सेकंदापर्यंत. मंग हॉबी. आन शेवटी मी मेहनती हाय, प्रामाणिक हाय, टीमसोबत काम करू शकतो, दॅट्स ऑल अबाऊट मी. फोनवर हे बोललो असतो तर तू मधातच रडली असती, म्हणून लिहून रायलो, दुपारी गिऱ्हाईक कमी हाय, आंबियाच्या संत्र्याचा तोडा चालू असल्यानं सगळे वावरात हायेत.

पाय, मले काई मुलाखतीतलं समजत नाही, मी कुठं नोकरी केली. पण कृषी केंद्राच्या काउंटरवर बसून वीस वर्षं झाली, अन् कंपनीच्या पोरांचं इंट्रोडक्शन मी ऐकलं तितकं तुया कॉलेजच्या प्लेसमेंटच्या सरांनीबी ऐकलं नसन. जून महिन्यात दुकानात पंधरा माणसं उभी, कोणाले बियाणं पाहिजे, कोणी उधारीसाठी अडून रायलं, अन् तेवढ्यात टाय लावलेलं पोरगं येते. त्याच्यापाशी तीस सेकंद असतात, लय झाले.

दोन पोरं एकाच दिवशी आलते, ते सांगतो. पहिल्यानं सुरुवात केली की आमची कंपनी अमुक सालची, इतक्या देशात हाय, आमचं रिसर्च सेंटर असं हाय. मी मान हालवत रायलो अन् हात माया वजनकाट्यावरच होता. तो गेला तवा त्याचं नावबी ध्यानात नव्हतं. दुसरा आला, म्हणे काका, मोर्शी-वरूडचा भाग आता मायाकडं हाय, मागच्या सालचे आमच्या बुरशीनाशकाचे सहा डबे तुमच्याकडं उरले, ते वापस न्यायचं काय ते बोलायले आलो. मी म्हटलं बस बाप्पा, चहा घे. त्यानं स्वतःची काई तारीफ केली नाही, फक्त मायं एक काम त्याले माहीत होतं. अन् मुख्य म्हणजे त्यानं जे सांगितलं त्याच्यावर मले लगेच काई विचारावं वाटलं. मी विचारलं, पैसे की बदलीमाल? बस, गोष्ट सुरू झाली.

तुया तीस सेकंदांचं काम एवढंच हाय. त्यानं नोकरी लागत नाही. त्यानं समोरचा पहिला प्रश्न काय विचारते तेवढं ठरते. तू टक्के सांगशीन तर तो टक्क्यांवर विचारन, अन् ते तर त्याच्या हातातल्या कागदावर लिहूनच हायेत. हॉबी सांगशीन वाचन तर विचारन शेवटी कोणतं पुस्तक वाचलं, अन् तिथं तू फसशीन, मले माहीत हाय, दिवाळीपासून तुया हातात मोबाईलच पायला.

आता तुले सांगायसारखं काय हाय? तू म्हणते बाबा मायाकडं एक्सपिरियन्स नाही, मी फ्रेशर हाय. अन् यंदाच्या मे महिन्यात जे केलं ते काय होतं? उधारीची वही घेऊन बसली, त्यातून संत्रावाले 58 जण वेगळे काढले, अन् पाणी पडायच्या आधी त्यायले तुया आवाजात मेसेज पाठवला की झाडाले डिंक्या लागू नये म्हणून खोडाले बोर्डो पेस्ट लावा, एक किलो मोरचूद, एक किलो चुना अन् दहा लिटर पाणी. मेसेज वऱ्हाडीत होता, म्हणून लोकायनं पुरा ऐकला. जे 21 जण मोरचूद घेऊन गेले त्यायचं नाव मी टिपून ठेवलं, अन् तूच म्हटलं होतं ना की बाबा विचारा, मेसेज ऐकून आले का. 14 जण हो म्हटले. बाकीचे सात असेच आले असते, दर सालचे गिऱ्हाईक हायेत ते.

हेच तुयं सांगणं. अन् त्यात मेसेजनं आले ते 14 म्हण, 21 नको म्हणू. तुले वाटन 21 मोठा आकडा हाय, तो जास्त शोभते. पण समोर बसलेला माणूस मार्केटिंगचा असते, तो पहिले हेच विचारते की हे तुया मेसेजनंच झालं कशावरून? पाणी लवकर पडलं म्हणून आले नसतीन कशावरून? 21 म्हणशीन तर तिथं अडकशीन. 14 म्हणशीन अन् म्हणशीन की दुकानात एकएकाले विचारून टिपलं, तर त्याले दिसते का ह्या पोरीले मोजायचं कळते. मंग तो नक्की विचारन की 58 पैकी उरलेल्या 37 जणायचं काय? त्याचं उत्तर मी तुले सांगून ठेवतो, मी त्यातल्या बऱ्याच जणायले ओळखतो. काईजणाकडं मागच्या सालचं मोरचूद पडून होतं, काईजण सगळा माल अमरावतीवरून आणतात, अन् पाच-सहा जणायनं मेसेज उघडलाच नाही, त्यायच्या घरी पोरायकडं फोन असते. हे तिथं तीस सेकंदांत सांगायचं नाही, विचारलं तर सांगायचं, म्हणून तर जागा ठेवायची.

मी मराठीत लिहून पाहिलं, तू तुयं इंग्रजी करून घे, मले ते येत नाही :

“नमस्कार, मी पल्लवी. बीबीए फायनल, मार्केटिंग. आमचं वरूड तालुक्यात कृषी केंद्र आहे. यंदाच्या मे महिन्यात मी उधारीच्या वहीतून संत्रावाले 58 ग्राहक वेगळे काढले आणि पावसाआधी झाडाला बोर्डो पेस्ट लावा असा माझ्या आवाजातला मेसेज त्यांना पाठवला. 21 जण मोरचूद घेऊन गेले, त्यातले 14 मेसेज ऐकून आले. कोणाला काय, कधी सांगायचं हे मला दुकानात बसून शिकायला मिळालं, तेच आता तुमच्या मालासाठी, तुमच्या बाजारात फिरून करायचं आहे.”

हे 64 शब्द हायेत, मी बोटानं मोजले. मोठ्यानं, घाई न करता वाचलं तर 31 सेकंद लागले. इंग्रजीत बारके बारके शब्द जास्त येतात म्हणून तिथं 70-75 शब्दांपर्यंत चालन, पण त्याच्या वर गेलीस की तू पळायले लागशीन. तुया क्लिपमध्ये शेवटचे दहा सेकंद तू असंच पळली, प्रामाणिक अन् मेहनती एका श्वासात गेलं, अर्ध समजलंच नाही. वेळ कमी पडला तर वेग वाढवू नको, वाक्य कमी कर. पहिले काय काढायचं तेबी सांगतो, 21 चं अर्ध वाक्य काढ, 14 वालं ठेव.

एक ध्यानात ठेव, मोरचूद अन् बोर्डो पेस्ट हे वरूडात सगळ्यायले समजते, पण तिथला माणूस मुंबई-पुण्याकडचा असू शकते. त्याच्यासाठी खोडाले लावायचं औषध एवढंच म्हण. नाव घ्यायचं असन तर एकदाच घे. त्यानं विचारलं तर मंग किलोनं सांग, मंग तुले कोणी अडवणार नाही.

घोकू नको. तू घोकली की एक शब्द सुटला तरी पुढचं सगळं बंद होते, दहावीच्या भाषणात काय झालं होतं ते आठवते ना. तीन खुंटे ठेव डोक्यात, वही, मेसेज, 14. नाव सांगितलं की वहीकडं जा, तिथून मेसेजकडं, तिथून 14 कडं. मधले शब्द दर वेळी वेगळे आले तरी चालतात, उलट बरंच. रोज रात्री पाच वेळा मोबाईलवर रेकॉर्ड कर, चार वेळा पुसून टाक, पाचवी क्लिप मले पाठव. मी फक्त घड्याळ पायतो अन् 14 कोणत्या सेकंदाले आला ते सांगतो, बाकी काई बोलत नाही. ते 20 च्या आत आलं पाहिजे असं मले वाटते, कारण दहा पोरी-पोरायले एका रांगेत उभं करतात असं तूच सांगितलं, तिथं कोणी मधातच थांबवलं तरी मुख्य गोष्ट सांगून झाली पाहिजे.

शेवटच्या वाक्याचं सांगतो. ते मी जे लिहिलं ते अर्धवट हाय, ते तुलेच भरा लागते. मुलाखतीच्या आधी कंपनीवाले हॉलमध्ये बोलतात ना, कामाचं सांगतात, तवा मागं बसून गप्पा मारू नको. ट्रेनी म्हणून पहिले सहा महिने कुठं पाठवतात, दुकानांवर की डिस्ट्रिब्युटरकडं की ऑफिसात, ते वहीत लिही. अन् शेवटच्या वाक्यात तेच घाल. ते म्हटले का रोज 30-40 दुकानं फिरा लागतात, तर तू म्हण मले दुकानदाराची बाजू माहीत हाय, मी काउंटरच्या ह्या बाजूला बसली हाय. हे खरं हाय, अन् तुया वर्गात कितीजण असं म्हणू शकतात? तुमची कंपनी नामांकित हाय हे म्हणू नको, त्यायले ते माहीत हाय.

अन् बोलून झालं की थांब. दॅट्स ऑल अन् थँक्यू अन् परत एकदा नाव, यातलं काईच नको. दोन सेकंद शांतता झाली तर होऊ दे, ते तिथं लिहून घेत असतात. ती शांतता तू भरायले गेली की तोंडातून हॉबी निघते.

मायसेल्फ पल्लवी असंबी म्हणू नको, तुया मावशीच्या पोरानं सांगितलं का ते चुकीचं हाय, आय ऍम म्हणायचं.

त्या वहीचे दोन पानं मी झेरॉक्स करून मंगळवारच्या एसटीनं पाठवून देतो, ज्यावर 58 नावं अन् मायी टिकमार्क हाय. उधारीचे आकडे अन् फोन नंबर झाकून काढतो, लोकायची इज्जत हाय ती. फाईलमध्ये ठेव, कोणी मागितले तरच दाखव. एसटीत संत्र्यांची पेटीबी हाय, होस्टेलच्या पोरीयले दे, पण वरचे नरम निघाले तर पहिले तेच खा.

तुया आईनं विचारलं हाय की साडी नेसायची की सूट, मी म्हटलं तिलेच विचार.

तुझा बाबा