विषय : जोडपाने चुकीच्या जागी कापल्याने बिघडलेले पुस्तकाचे काम पुन्हा करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा,
पुस्तक स्कॅनिंग विभाग,
महापे, नवी मुंबई

महोदय,

माझ्या पणजोबांनी १९३१ साली छापून घेतलेले घरगुती औषधांचे सुमारे तीनशे पानी पुस्तक मी स्कॅनिंग आणि मजकूर-ओळख, म्हणजे ओसीआर, यांसाठी आपल्याकडे दिले होते. पूर्ण पैसे आगाऊ भरले आहेत. हाती आलेला मजकूर वापरण्यासारखा नाही. ‘जुने खिळे आणि पिवळा कागद, सॉफ्टवेअर तरी काय करणार?’ असे उत्तर आपल्या प्रतिनिधींनी फोनवर दिले. ते मला मान्य नाही.

कारण चुका पानभर पसरलेल्या नाहीत. ओळीच्या मधला मजकूर, अगदी जोडाक्षरेसुद्धा, बहुतेक ठिकाणी बरोबर उतरली आहेत. गोंधळ आहे तो फक्त शिवणीकडच्या कडेला. खिळे खराब असते तर ते एकाच कडेला कसे खराब झाले असते? शिवाय पुस्तकाच्या मधल्या पानांत ही तक्रार जवळपास नाहीच. सुरुवातीला आणि शेवटी मात्र ती ठळक आहे. आपण मंजुरीसाठी पाठवलेला नमुना मधल्याच पानांचा होता, म्हणून मी निर्धास्तपणे होकार दिला.

मागणी केल्यावर आपण काही मूळ जोडपानांच्या इमेज पाठवल्या, आणि त्यातून कारण उघड झाले. इमेजची रुंदी ३६०० पिक्सेल आहे आणि आपण प्रत्येक इमेज डोळे झाकून १८०० वर कापली आहे. पुस्तकाची शिवण मात्र एका जागी थांबत नाही. पुस्तक उताणे उघडून वरून फोटो घेतला, की पहिल्या पानांशी सगळा गठ्ठा उजवीकडे असतो आणि पाने उलटत जावी तशी घडी कण्याच्या जाडीएवढी हळूहळू उजवीकडे सरकते. या पुस्तकाचा कणा दीड सेंटिमीटरच्या आत-बाहेर आहे. पान २६२-२६३ च्या इमेजमध्ये घडी १८६० वर आहे. साठ पिक्सेलचा फरक म्हणजे ३०० डीपीआयला पाच मिलिमीटर. घट्ट बांधणीमुळे आतला समास जेमतेम दोन-तीन मिलिमीटर दिसतो, म्हणजे प्रत्येक ओळीचे शेवटचे अक्षर गेलेच.

‘सुंठ दोन मासे’ या जुन्या वजनातल्या ओळीतला ‘से’ पान २६३ च्या एका ओळीच्या आरंभी जाऊन बसला आहे आणि घडीच्या सावलीचे तिथे दंडाचे चिन्ह झाले आहे. हे निदान डोळ्यांना खटकते तरी. पान २६२ वरच ‘पिंपळी, गुंजा १२’ चे ‘गुंजा १’ झाले आहे, आणि ते वाचताना कोणालाही शंका येणार नाही. औषधाच्या पुस्तकात ही चूक कशी पकडायची, हे आपणच सांगावे. (मुखपृष्ठाचा फोटो एकट्या पानाचा होता, तोही मधोमध कापला आहे. याला काय म्हणावे!)

मी घरी तेच जोडपान घडीवर कापून पाहिले :

```
magick jod.tif -crop 1860x2700+0+0 +repage 262.tif
magick jod.tif -crop 1740x2700+1860+0 +repage 263.tif
tesseract 262.tif 262 -l mar --psm 4
```

‘मासे’ही आले आणि ‘१२’ही. तीच इमेज, तेच खिळे, तोच पिवळा कागद.

आणखी एक गोष्ट. आपण तिरकेपणा अख्ख्या जोडपानाचा काढला आणि नंतर ते कापले. उघड्या पुस्तकात डावे आणि उजवे पान वेगवेगळ्या कोनात कलते, त्यामुळे एक सरळ करताना दुसऱ्याच्या शिरोरेषा उताराला लागल्या आहेत. आधी कापणी, मग प्रत्येक पान स्वतंत्रपणे सरळ करणे, आणि त्यानंतर ओसीआर, असा क्रम हवा होता. स्कॅनटेलरसारख्या मोफत प्रोग्राममध्येही क्रम हाच आहे आणि कापणीची रेषा प्रत्येक इमेजवर तपासून सरकवता येते, तिरकीही करता येते.

माझी मागणी अशी : मूळ जोडपानांवरून कापणी प्रत्येक इमेजची घडी पाहून पुन्हा करावी, ओसीआर नव्याने चालवावे आणि सर्व मूळ इमेजही मला द्याव्यात. त्या पुसल्या असतील तर पुस्तक आपल्या खर्चाने ठाण्याहून नेऊन पुन्हा स्कॅन करावे. एकदा उलगडलेली शिवण आणखी सैल होऊ नये, म्हणून पाने सुटी करण्यास माझी परवानगी नाही. या वेळी नमुना पहिल्या वीस आणि शेवटच्या वीस पानांतला पाठवावा. आतल्या कडेला पांढरा समास अखंड दिसला, तरच मी मंजुरी देईन.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावे. अन्यथा पूर्ण रक्कम परत मिळावी यासाठी मी ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. बिलाची प्रत आणि पान २६२-२६३ च्या दोन्ही कापण्या सोबत जोडल्या आहेत.

आपली ग्राहक,
नौपाडा, ठाणे (प.)