मेसच्या खाड्याचे पैसे कापताना

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपतीला गावी गेलेल्या मुलांच्या खाड्याचे पैसे किती परत द्यायचे, यावरून नेरूळमधल्या एका वसतिगृहात पालक आणि व्यवस्थापन यांच्यात चांगलीच जुंपली होती. मी तिथला पालक-प्रतिनिधी आहे आणि मेसचा जमाखर्च तपासायचं काम माझ्याकडे आहे. पालक म्हणत होते, ताटाला ४३ रुपये घेता तर खाड्यालाही ४३ रुपये परत द्या. व्यवस्थापन म्हणत होतं, खाड्याला काहीच देणार नाही, एवढे दिले तर मेस बंद करावी लागेल. दोघेही खोटं बोलत नव्हते. गडबड त्या ४३ या आकड्यात आहे, आणि ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक मेस असाच एक आकडा धरून चालतात, म्हणून हे पत्र.

४३ आले कुठून? भाजी मेच्याच भावाने धरली तर जुलैत मेसचा एकूण खर्च ३,०९,६०० रुपये झाला आणि ७,२०० ताटं वाढली गेली. एकाला दुसऱ्याने भागलं, ४३ आले. भागाकार बरोबर आहे. पण त्यात दोन वेगळ्या स्वभावांचे खर्च एकत्र कालवले गेले आहेत. महाराजांना २५,००० पगार, त्यांच्या मदतनिसाला १७,०००, पोळ्या करणाऱ्या दोघी मावशींना प्रत्येकी १३,००० आणि भांडी-सफाईला १२,०००, मिळून ८०,००० रुपये. १९ किलोचे सोळा सिलिंडर, सरासरी १,७५० रुपयांनी धरले तर २८,०००. हे १,०८,००० रुपये पंगतीला शंभर मुलं बसोत की चाळीस, जातातच. उरलेला खर्च तांदूळ, कणीक, तूरडाळ, भाजी, तेल, मसाल्याचा. तो मात्र ताटागणिक वाढतो आणि ताटागणिक कमी होतो.

हा दुसरा भाग किती, हे शोधायला कोणाला विचारायची गरज नाही. एक भरलेला महिना आणि एक रिकामा महिना शेजारी मांडायचे. मेमध्ये मुलं घरी गेली होती, फक्त २,४०० ताटं झाली आणि खर्च १,७५,२०० रुपये आला. मे आणि जुलै दोन्ही एकतीस दिवसांचे, माणसं तीच, सिलिंडर तेवढेच. फरक ४,८०० ताटांचा आणि १,३४,४०० रुपयांचा. म्हणजे एका जादा ताटाला २८ रुपये पडले. जुलैची ७,२०० ताटं गुणिले २८ केले तर २,०१,६०० होतात. ते एकूण खर्चातून वजा केले की १,०८,००० उरतात, म्हणजे वरच्या पगारपत्रकाचा आणि गॅसबिलाचा आकडा. दहावीच्या बीजगणितातली दोन समीकरणं, दुसरं काही नाही.

ताळा हवा असेल तर तो ताटातच आहे. शंभर ग्रॅम तांदळाचे ५ रुपये, शंभर ग्रॅम कणकेचे ४, चाळीस ग्रॅम तूरडाळीचे साडेपाचच्या थोडे वर, दीडशे ग्रॅम भाजीचे ६, वीस ग्रॅम तेलाचे पावणेतीनच्या आसपास. मीठ-मसाला, चहापत्ती, ताक यांचे साडेचारेक रुपये धरले की २८ भरतात. हे भाव आम्ही वाशीच्या एपीएमसीतून घाऊक आणतो तेव्हाचे आहेत. कोपऱ्यावरच्या दुकानातून किराणा भरणाऱ्या मेसला हे जमणार नाही.

आता ४३ रुपयांकडे वळू. जुलैत ताटामागे १५ रुपये पगार-गॅसचे आणि २८ रुपये शिध्याचे पडले. मेमध्ये तेच १,०८,००० रुपये २,४०० ताटांवर पसरले, ताटामागे ४५ झाले, आणि एका ताटाचा खर्च ७३ वर गेला. पोळीचा आकार तोच आणि डाळ तितकीच पातळ होती. स्वयंपाकघरात कोणी चोरीही केली नव्हती.

कोकणातली चाळीस मुलं गौरी-गणपतीला पाच दिवस गेली असं धरू. दोन्ही वेळची मिळून चारशे ताटं वाचली. ४३ च्या दराने त्यांना १७,२०० रुपये परत द्यावे लागतील. मेसचे प्रत्यक्ष वाचले चारशे गुणिले २८, म्हणजे ११,२००. सहा हजारांचा खड्डा पडला, आणि तो पुढच्या महिन्याच्या दरवाढीतून वसतिगृहात राहिलेल्या मुलांनी भरायचा. खाड्याला ४३ मागणारे पालक नकळत दुसऱ्या मुलाच्या खिशात हात घालत असतात. मात्र व्यवस्थापनाने मांडलेली बाजू, खाड्याला काहीच नाही, हीदेखील तितकीच चूक. २८ रुपये वाचले आहेत आणि ते मुलाचे आहेत.

अट एकच, आणि ती खरी आहे: खाडा आदल्या रात्री वहीत लागला पाहिजे. सकाळी तांदूळ निवडून भिजत टाकल्यावर कळवलेल्या खाड्याने काहीच वाचत नाही, भात तेवढाच शिजतो आणि रात्री फेकला जातो.

दर ठरवताना याहून मोठा घोळ होतो. मेचा ७३ हा आकडा पाहून घाबरलेलं व्यवस्थापन जूनमध्ये दर वाढवतं. बाहेर साठ रुपयांत पोळी-भाजीचा डबा मिळत असेल, तर मुलं मेस सोडतात. ७,२०० ताटांची ४,८०० झाली की खर्च साडेपन्नासवर जातो. त्यावर पुन्हा दर वाढवला आणि ताटं ३,६०० झाली की ५८. प्रत्येक वाढ कागदावर खर्चाला धरूनच असते, आणि प्रत्येक वाढीने आणखी मेंबर जातात. चांगल्या चाललेल्या मेस बंद पडतात त्या अशा.

आमच्याकडे मी सुचवलेली पद्धत अशी. पगार-गॅसचे वर्षाचे १२,९६,००० रुपये, पटावर मुलं १३५. प्रत्येकी ९,६०० झाले, ते शैक्षणिक वर्षाच्या दहा महिन्यांत दरमहा ९६० प्रमाणे घ्यायचे, मुलगा जेवो न जेवो. त्यावर जेवलेल्या प्रत्येक ताटाला २८. एकही खाडा न करणाऱ्याला एकतीस दिवसांच्या महिन्यात २,६९६ रुपये पडतील. जुन्या हिशेबाने २,६६६ पडत होते. तीस रुपये जास्त जातात, हे मी सभेत लपवलं नाही.

त्यावर एका पालकांनी विचारलं, मुलगा सुट्टीत घरी जेवतो, मग महाराजांचा पगार आम्ही का द्यायचा? सानपाड्यात याच पालकांचा फ्लॅट कुलूप लावून बंद आहे, तरी सोसायटीचं मेंटेनन्स ते दरमहा भरतात, तसंच हे. मेमध्ये महाराजांना घरी बसवलं तर जूनमध्ये ते दुसऱ्या मेसमध्ये रुजू झालेले असतात. आणि सुट्टीत वसतिगृहात राहतं कोण? ज्याला गावी जाण्याचं भाडं परवडत नाही तो, किंवा टीटीसी पट्ट्यातल्या कारखान्यात सुट्टीपुरतं काम धरलेला. त्या महिन्याच्या पगार-गॅसचा सगळा भार त्याच्या ताटावर टाकून ७३ रुपये घेणं मला मान्य नाही.

हा हिशेब स्वतःच्या मेसला लावू पाहणाऱ्यांनी दोन ठिकाणी जपावं. पहिलं म्हणजे भाव. वर मी जुलैची भाजी मेच्याच भावाने धरली आहे. पावसाळ्यात भाजी ४० रुपये किलोवरून ६० वर गेली, तर दीडशे ग्रॅममागे ३ रुपये वाढतात आणि जुलैचा खर्च २१,६०० ने फुगतो. तसाच कच्चा आकडा घेऊन वजाबाकी केली तर ताटामागे साडेबत्तीस रुपये आणि स्थिर खर्च ९७,२०० निघतो. पगारपत्रक आणि गॅसबिल तर १,०८,००० सांगतात. हा मेळ बसला नाही की समजावं, दोन महिन्यांचे भाव वेगळे आहेत किंवा शिल्लक धरलेली नाही. शिलकीचंही तसंच: जुलैत तांदळाची दोन महिन्यांची पोती घेतली आणि सगळी जुलैच्या खर्चात टाकली, तर ताट उगाच महाग दिसतं. महिन्याच्या आरंभीची शिल्लक अधिक खरेदी, वजा अखेरची शिल्लक, हाच खरा शिधा. कोठी मोजायचा कंटाळा करून हा हिशेब होत नाही.

दुसरं, स्थिर म्हटलेला खर्च खरंच स्थिर आहे का हे बघावं. काही मेसमध्ये पोळ्यांची मजुरी किलोवर देतात. तिथे ती पगारात न धरता ताटाच्या खर्चात धरायला हवी. उलट पट दीडशेच्या पुढे गेला की आणखी एक मदतनीस लागतो आणि १,०८,००० एकदम वर उडी घेतात. माझे आकडे त्या मधल्या पट्ट्यापुरतेच खरे आहेत.

गॅसबद्दल मी स्वतः अजून समाधानी नाही. सोळा सिलिंडर म्हणजे ३०४ किलो. जुलैत ताटामागे सुमारे ४२ ग्रॅम गॅस लागला, मेमध्ये सुमारे १२७. चाळीस मुलांची डाळ त्याच मोठ्या भट्टीवर, त्याच पातेल्यात तळाशी शिजवायची, पोळ्यांचा लांब तवा पूर्ण तापवून त्याच्या एका कोपऱ्यावर पोळ्या लाटून टाकायच्या, भांड्यांसाठी पाणी तेवढंच गरम करायचं, म्हणून गॅस स्थिर राहिला. पगार कमी करता येत नाही, हा करता येतो. येत्या मेपासून लहान शेगडी आणि घरगुती मापाचा तवा वापरायचं महाराजांनी कबूल केलं आहे. चार सिलिंडर जरी वाचले तरी ७,००० रुपये होतात, म्हणजे सुट्टीच्या महिन्यात ताटामागे जवळजवळ तीन रुपये.

व्यवस्थापनाने ९६० आणि २८ हे दोन्ही आकडे मेसच्या दारावर लावायला होकार दिला आहे, पण पगारपत्रक आणि गॅसची बिलं पालकांना दाखवायला अजून तयार नाही. ती सगळ्या पालकांना दाखवल्याशिवाय ९६० रुपयांवर सही करायला मीही तयार नाही.

आपला,
मेस समितीतला एक पालक, नेरूळ, नवी मुंबई